गिझर दिवसभर चालू ठेवल्याने वाढलेले बिल : कारण कसे शोधावे

दारव्हा-दिग्रस भागात मी चौदा वर्षांपासून घरगुती वायरिंगची आणि गिझरदुरुस्तीची कामे करतो. डिसेंबरचे बिल हातात पडले की जानेवारीत एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात : गिझर बसवल्यापासून बिल दीडपट-दुप्पट झाले, मीटर जोरात पळत असेल, येऊन पाहा. मीटरमध्ये दोष मला क्वचितच सापडला. बहुतेक घरांत साठवणीचा गिझर, म्हणजे १५ किंवा २५ लिटरची टाकी असलेला, सकाळी चालू केलेला असतो आणि रात्री झोपतानाच बंद होतो. काही घरांत तर त्याचे बटण महिनोन्महिने बंद झालेले नसते. मात्र एवढ्यावरून सगळा दोष त्या बटणावर टाकणेही बरोबर नाही. बटणामुळे किती युनिटे जातात याला एक मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेपेक्षा जास्त जात असतील तर बिघाड दुसरीकडे असतो. तो कसा ओळखायचा हे सांगण्यासाठी ही नोंद लिहितो आहे.

लक्षणे

खालीलपैकी एखादी गोष्ट तुमच्या घरी दिसत असेल तर पुढचे वाचावे. थंडी सुरू झाल्यावर बिलात महिन्याला ६०-७० युनिटांची वाढ झाली असती तर ती आंघोळीची म्हणून सोडून देता आली असती, पण वाढ १०० च्या पुढे गेली आहे. घरात कोणी गरम पाण्याचा नळ उघडलेला नसताना गिझरचा लाल दिवा अधूनमधून लागतो. गिझरचे बाहेरचे कवच एखाद्या जागी कोमट लागते. गरम पाण्याच्या नळाखाली ठेवलेली बादली आपोआप भरते. आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारे लक्षण : आंघोळ झाल्याबरोबर गिझर बंद करायला लागलो, तरी बिल फारसे उतरले नाही.

आधी एक समज दूर करावा लागतो

घरोघरी मला सांगितले जाते की थंड पाणी पुन्हा पहिल्यापासून तापवायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा गरम असलेले पाणी गरम ठेवणे स्वस्त पडते. हे खरे नाही, आणि का नाही ते कळले की पुढच्या सगळ्या तपासण्या आपोआप समजतात. टाकीभोवती फोमचा जाड थर असतो, तरीही त्यातून उष्णता सतत बाहेर जात राहते. ती किती वेगाने जाईल हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. फरक जास्त तर गळती जास्त, फरक कमी तर गळती कमी. गिझर बंद केल्यावर पाणी निवत जाते, तसतसा फरक कमी होतो आणि गळतीही मंदावते. चालू ठेवलेला गिझर मात्र तो फरक दिवसभर कायम ठेवतो, म्हणून गळतीही दिवसभर पूर्ण वेगाने चालू राहते. पुन्हा तापवताना आपण फक्त गेलेली उष्णता भरून काढतो, आणि बंद ठेवलेल्या टाकीतून ती कमीच गेलेली असते.

या गळतीचा आकडा गिझरवरच्या ताऱ्यांच्या लेबलवर छापलेला असतो. तिथे त्याला ‘स्टँडिंग लॉस’ म्हटलेले असते. नळ न उघडता टाकी २४ तास गरम ठेवली आणि पाणी व हवा यांत ४५ अंशांचा फरक असला, तर किती युनिटे जातील, असा त्याचा अर्थ. तुमच्या घरी फरक ४० अंशांचा असेल, तर आकडा त्याच प्रमाणात कमी धरावा.

पहिली तपासणी : कागद आणि पेन

या तपासणीला पैसा लागत नाही, आणि निम्म्या घरांत मला पुढे जावेच लागत नाही. उदाहरण म्हणून एका शाळेतील गुरुजींच्या घरचा हिशेब देतो. घरात चार माणसे, गिझर २५ लिटरचा, कॉइल २००० वॉटची, आणि लेबलवरचा आकडा १.२. ऑक्टोबरचे बिल ८५ युनिटांचे होते, जानेवारीचे २२५ झाले. म्हणजे वाढ १४० युनिटांची. आपल्याकडे घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटांवर संपतो आणि पुढच्या युनिटांना चढा दर लागतो, म्हणून ही वाढ रुपयांत आणखीच बोचते.

आता आंघोळीला खरोखर किती वीज लागते ते पाहू. थंडीत गच्चीवरच्या टाकीचे पाणी साधारण २० अंशांचे असते आणि आंघोळीला ते ४२ अंशांच्या आसपास लागते. २० लिटरची एक बादली २२ अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. चार माणसांना रोज २ युनिटे, म्हणजे महिन्याला ६० च्या थोडे वर. ही वीज खर्च होणारच. गिझर केव्हाही चालू केला तरी ती वाचणार नाही.

त्यानंतर उभी गळती, म्हणजे लेबलवरचा तो स्टँडिंग लॉस. ६० अंशांचे पाणी आणि दिवसरात्रीची सरासरी २० अंशांची हवा यांत ४० अंशांचा फरक आहे, म्हणून १.२ चा आकडा इथे १.०७ होतो. महिन्याला ३२ युनिटे. दिवसभर चालू ठेवण्याचा दंड जास्तीत जास्त एवढाच असतो.

दोन्ही मिळून ९३ युनिटे झाली, वाढ मात्र १४० ची होती. उरलेली ४७ युनिटे, म्हणजे रोज दीड युनिटापेक्षा जास्त, बटणाने खाल्लेली नव्हती. तुमचा हिशेब इथे जुळत असेल तर नळाची तपासणी झटपट उरकून बटण केव्हा दाबायचे त्या भागाकडे जावे. गुरुजींसारखा फरक उरत असेल तर नळ नीट पाहावा.

दुसरी तपासणी : गरम पाण्याचा नळ

गुरुजींच्या न्हाणीघरात गरम नळाखाली एक निळी बादली ठेवलेली होती. नळाच्या तोंडाशी थेंब जमत होता, फुगत होता आणि पडत होता, आणि तो पडायच्या आत मागचा थेंब तयार होत होता. बादलीतल्या पाण्यावर त्याची वर्तुळे सतत उमटत होती. मी विचारले तेव्हा काकू म्हणाल्या, “भाऊ, ते पाणी वाया कुठं जाते? बादली भरली का भांड्याले वापरतो आमी.” पाणी वाया जात नव्हते हे खरेच होते. पण तो प्रत्येक थेंब ६० अंशांच्या टाकीतून निघत होता, पाइपमध्ये निवत नळाशी थंड होऊन पडत होता, आणि त्याच्या जागी तेवढेच थंड पाणी टाकीत शिरत होते. हाताला थंड लागते म्हणून त्यावर कोणाचा संशय जात नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. नळ नेहमीसारखा बंद करून त्याखाली स्टीलचा पेला ठेवावा आणि दहा मिनिटांनी मापून पाहावे. गुरुजींकडे दहा मिनिटांत २४० मिली पाणी जमले. तासाला जवळपास दीड लिटर, दिवसाला ३४ लिटर. इतके पाणी ४० अंशांनी तापवायला १.६ युनिटे लागतात, महिन्याला ४८. हिशेबात उरलेली ४७ युनिटे इथे सापडली. वॉशर बदलायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत.

बोअरच्या जड पाण्यामुळे आपल्याकडे वॉशर लवकर खराब होतात. क्षाराचे खडे बैठकीवर बसतात आणि नळ कितीही आवळला तरी तो पूर्ण बंद होत नाही. घरात गरम-थंड एकत्र करणारा मिक्सर असेल तर त्याच्या दोन्ही चाव्या नीट बंद होतात का तेही पाहावे, आणि स्वयंपाकघरापर्यंत गरम पाइप नेलेला असेल तर तिथला नळ विसरू नये.

तिसरी तपासणी : लाल दिव्याचे वेळापत्रक

नळ कोरडा आहे, तरी हिशेब जुळत नाही, अशा वेळी ही तपासणी करावी. यासाठी घड्याळ आणि कोणी पाणी न वापरण्याची दुपार लागते. गिझर चालू करून दिवा विझेपर्यंत थांबावे आणि ती वेळ लिहावी. मग कोणीही गरम नळ न उघडता दिवा पुन्हा केव्हा लागतो आणि किती मिनिटे जळतो हे लिहावे.

सुस्थितीतल्या २५ लिटरच्या गिझरचा दिवा साधारण पावणेचार तासांनी लागतो आणि पाचेक मिनिटांत विझतो. दोन किलोवॉटची कॉइल पाच मिनिटे चालली म्हणजे युनिटाचा सहावा भाग खर्च झाला. दिवसात असे सहा-सव्वासहा फेरे होतात, आणि बेरीज पुन्हा एका युनिटाच्या आसपास येते. गुरुजींकडे वॉशर बदलण्याआधी हाच दिवा दीड तासाच्या आत लागत होता. तुमच्याकडे नळ कोरडा असूनही दिवा अर्ध्या-पाऊण तासाने लागत असेल, तर पाणी भिंतीतल्या पाइपमध्ये गळते आहे किंवा फोम निकामी झाला आहे. मीटरच्या आकड्यापेक्षा मला हा दिवा जास्त भरवशाचा वाटतो, कारण फ्रीज, पंप, टीव्ही यांची सरमिसळ त्यात होत नाही.

बटण केव्हा दाबायचे, आणि केव्हा बंद करायचे

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सर्वाधिक घरांत चूक इथेच होते.

आंघोळ झाल्यावर लगेच बंद करतो, तरी फरक पडत नाही, असे सांगणाऱ्यांना मी विचारतो की बटण बंद केले तेव्हा दिवा विझलेला होता का. उत्तर बहुधा ‘हो’ असे येते. शेवटचा माणूस आंघोळ करत असताना टाकीत थंड पाणी शिरत असते आणि गिझर ते तापवत असतो. तो बाहेर येऊन कपडे घालून बटणाकडे येईपर्यंत टाकीतले २५ लिटर पाणी पुन्हा पूर्ण तापलेले असू शकते. त्यात १.१६ युनिटे भरलेली असतात आणि ती वापरायला दुसऱ्या सकाळपर्यंत कोणीच नसते. वर सांगितलेल्या गिझरमध्ये ते पाणी २४ तासांत ६० वरून ३६ अंशांपर्यंत निवते, म्हणजे सुमारे ०.७ युनिट हवेत जाते. दिवसभर चालू ठेवले असते तर १.०७ गेले असते. बंद करूनही बचत झाली ती फक्त तिसऱ्या हिश्श्याची.

म्हणून बटण शेवटच्या आंघोळीनंतर नव्हे, शेवटचा माणूस न्हाणीघरात शिरण्याआधी बंद करावे. त्याच्या बादलीपुरते गरम पाणी टाकीत असतेच, कारण २० लिटर कढत-कोमट पाण्यासाठी ६० अंशांचे ११ लिटरच लागतात, बाकी थंड पाणी मिसळावे लागते. आंघोळ संपते तेव्हा टाकीत राहिलेले पाणी कोमट असते आणि त्यातून वाया जाण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

आधी किती वेळ चालू करायचे, याचे उत्तर खेड्यात शहरापेक्षा वेगळे आहे. पूर्ण व्होल्टेजला २००० वॉटची कॉइल २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत ३५ मिनिटांत नेते. पण पहाटे पंप सुरू झाले की आपल्याकडे व्होल्टेज १८० पर्यंत उतरते, आणि कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १८० व्होल्टला ती २००० वॉटची न राहता सव्वाबाराशेच्या आसपासची होते आणि तेच पाणी तापायला जवळपास एक तास लागतो. गिझर ‘कमजोर’ झाला म्हणून दिवसभर चालू ठेवणारी कितीतरी घरे मी पाहिली. कॉइल चांगली असते, फक्त वेळ जास्त लागत असतो. युनिटे दोन्ही वेळा तेवढीच लागतात. एकदा घड्याळ लावून आपल्या घरी पहाटे दिवा किती मिनिटांनी विझतो ते पाहून घ्यावे आणि तेवढेच आधी बटण दाबावे.

आणि लाईटच नसली तर? “केव्हा जाईन सांगता येत नाही, म्हून चालूच असू देतो,” हे कारण मला पटण्यासारखे वाटते, पण त्यावरही उपाय आहे. रात्री दहाला पाणी तापवून दिवा विझल्यावर बटण बंद करावे. चांगल्या टाकीत सकाळी सहाला ते पाणी अजून ४९-५० अंशांचे असते, आणि पहिल्या दीड-दोन आंघोळी विजेशिवाय होतात. रात्रीतून गेलेली उष्णता ०.३ युनिटाची असते. पहाटे लाईट नक्की असते अशा घरांनी हे करू नये. ज्यांना खात्री नाही त्यांच्यासाठी हा खर्च योग्य आहे.

खुंटी आणि कवच

तापमानाची खुंटी बाहेर असेल आणि ती ७५ वर असेल, तर ६० वर आणावी. २० अंशांच्या हवेत फरक ५५ वरून ४० अंशांवर येतो आणि गळती चौथ्या हिश्श्याहून अधिक कमी होते. क्षारही कमी जमतात. ६० च्या बरेच खाली मात्र नेऊ नये. साठवलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात. खुंटी झाकणाच्या आत असेल तर तिला हात लावू नये.

कवच तपासताना आधी गिझरची वीज तोडणारा पेटीतला खटका, म्हणजे एमसीबी, खाली पाडावा, मग कोरडा तळहात कवचावरून सावकाश फिरवावा. सगळीकडे ते खोलीइतकेच थंड लागले पाहिजे. पाइप जोडलेल्या जागी थोडी ऊब चालते. एखादा पट्टा स्पष्ट गरम लागत असेल, किंवा खालच्या कडेला गंजाचा ओघळ दिसत असेल, तर आतली टाकी झिरपून फोम ओला झालेला असतो. ओला फोम उष्णता अडवत नाही. यावर घरी काहीच करता येत नाही, आणि माझ्या मते टाकी फुटलेल्या जुन्या गिझरवर खर्चही करू नये.

उन्हाळ्याबद्दल एवढेच की मार्च संपताच एमसीबीच खाली पाडून ठेवावा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी तसेही गरम असते, तरी चालू राहिलेला गिझर महिन्याला २० युनिटे खातो.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

नळाला किंवा पाण्याला हात लावताना झिणझिण्या आल्या तर गिझर त्याच क्षणी बंद करावा, एमसीबी पाडावा, आणि अर्थिंग तपासून घेईपर्यंत पुन्हा चालू करू नये. आपल्या काळ्या मातीत अर्थिंगचा खड्डा हिवाळ्यानंतर कोरडा पडतो आणि मग ते नावापुरतेच उरते. दिवा तास-दीड तास होऊनही विझत नसेल आणि नळातून वाफ किंवा उकळते पाणी येत असेल, तर पाणी तापल्यावर वीज तोडणारा थर्मोस्टॅट अडकलेला आहे. हा बिलाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. प्लग तापत असेल, प्लास्टिक जळाल्याचा वास येत असेल, किंवा गिझर १६ अँपिअरऐवजी लहान सॉकेटवर लावलेला असेल, तरीही हेच.

गिझरखालच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे थेंब पडले तर घाबरू नये. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापले की ते सुमारे ३७५ मिलीने फुगते, आणि ते जादा पाणी तिथून बाहेर येते. गिझर थंड असतानाही थेंब थांबत नसतील तर व्हॉल्व्ह बदलून घ्यावा. ते थेंब बंद करण्यासाठी व्हॉल्व्हच्या तोंडात खुंटी ठोकलेली मी दोन घरांत पाहिली आहे. असे केले तर फुगलेल्या पाण्याला आणि वाफेला बाहेर पडायला वाटच राहत नाही आणि टाकी फुटू शकते, म्हणून ते कधीही करू नये. झाकण उघडून कॉइल काढणे, क्षार खरवडणे ही कामेही घरी करू नयेत.

गुरुजींच्या घरी नवा वॉशर बसला, आणि शेवटची आंघोळ काकूंची असते म्हणून बटण बंद करायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. त्यांचे पुढचे बिल १५२ युनिटांचे आले.